पायाची तीस हाडं

प्रश्न : "ताई, बीएएमएसचं पहिलं वर्ष आहे. बारावीपर्यंत संस्कृत नव्हतं. श्लोक रात्री पाठ केला की सकाळी गायब. त्यात अ‍ॅनाटॉमीत हाडं २०६ अन् सुश्रुतात ३००. दोन्ही डोक्यात कसं ठेवू?"

श्लोक घोकायच्या आधी फोड. अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात 'विकृताऽविकृता देहं घ्नन्ति ते वर्तयन्ति च' अशी ओळ आहे. मी ती महिनाभर 'विकृताविकृता' असा एकच शब्द समजून म्हणत होते. संधी सोडवला की विकृताः आणि अविकृताः, दोन शब्द. पहिल्याला पहिलं क्रियापद, दुसऱ्याला दुसरं: बिघडलेले दोष देह मारतात, न बिघडलेले चालवतात. एवढं कळल्यावर ओळ विसरायची म्हटली तरी विसरत नाही.

आता हाडं. सुश्रुताच्या शारीरस्थानातला पाचवा अध्याय काढ. ते गद्य आहे, चाल लागत नाही, म्हणून जास्त छळतं. मी दिवाळीच्या सुटीत गावी गेले, वावरातून पऱ्हाटी वेचून आलेल्या बाबांना खाटेवर बसवलं अन् त्यांच्या पायावर बोट ठेवत म्हटलं. प्रत्येक बोटात तीन म्हणजे पंधरा; तळ, कूर्च, गुल्फ मिळून दहा; टाच एक, जंघा दोन, गुडघा एक, मांडी एक. तीस. बाबा म्हणाले, "अंगठ्यात तं दोनच सांधे लागून रायले वो." मी दुर्लक्ष केलं. पुढे तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारलं, मी "तीन" म्हणाले अन् समोरच्या बाईंनी हाडांचा सांगाडा माझ्यापुढे सरकवला.

आता आधुनिक हिशेब लाव. बोटांची १४, कारण अंगठ्यात दोनच. टाच सोडून टार्सल ६ आणि मेटाटार्सल ५, म्हणजे ११. टाच १, टिबिया-फिब्युला २, पटेला १, फीमर १. तरी तीसच! एक इकडे कमी, एक तिकडे जास्त. हाताचंही सुश्रुत 'पायासारखंच' म्हणून मोकळे होतात. आधुनिक गणतीत खांद्याचं हाड अन् कॉलरबोन सोडून हातातही तीसच भरतात, पण कोपराला वाटी नाही आणि मनगटात आठ. बेरीज जुळली म्हणून हाड हाडाशी जुळलं असं लिहू नकोस.

चार शाखांचे १२० झाले. फरक उरतो तो धडात आणि मानेच्या वर: तिथे सुश्रुत ११७ आणि ६३ मोजतात. ३२ दात 'रुचक' म्हणून हाडांतच धरलेत, कूर्चा 'तरुण' म्हणून. २०६ मध्ये दोन्ही नाहीत. चरकांचे ३६० कसे झाले तेही असंच बघ, त्यात २० नखं आहेत.

पेपरात रचना शारीरच्या प्रश्नाला ३०० लिही आणि खाली कोण काय मोजतो ते दोन ओळींत. २०६ ला ओढूनताणून ३०० करायला जाऊ नकोस, तिथेच मार्क जातात. आणि अंगठा आधी स्वतःचा चाचपून बघ.