तो पॅन्टोप्राझोल स्लाइडवर येऊ दे

अरे, काल तुझं प्रेझेंटेशन बघून घरी आलो, रामबागेत गाडी लावली आणि तिथेच दहा मिनिटं बसून राहिलो. राग तुझा नव्हता, पण तू नंतर विचारलंस ना, "सर, स्लाइड्स जास्त झाल्या का?" त्याने डोकं फिरलं. बेचाळीस होत्या, त्याचं काही नाही. पहिल्याच स्लाइडवर "क्रेट बाइट" आणि खाली गूगलवरचा साप, मग पुढे बसलेल्यांनी विचार कसला करायचा? डायग्नोसिस तू दारातच सांगून टाकलंस.

तुला जे ज्या वेळी कळलं ते त्याच वेळी स्लाइडवर यावं, त्याआधी नाही. एवढंच माझं म्हणणं आहे आणि तेच मी परत परत सांगणार.

फाइल मी नंतर काढून वाचली. माणूस पहाटे साडेपाचला आला, शेतावरच्या खोलीत जमिनीवर झोपला होता, चारला पोटात कळ येऊन जाग आली. तू चीफ कम्प्लेंटमध्ये लिहिलंस "टोसिस अँड डिस्फेजिया". तो असं म्हणाला होता का? फाइलमध्ये नर्सनं लिहिलंय, "पेट में मरोड़, गला बैठ रिया, आँख भारी". हेच शब्द स्लाइडवर टाक, समोर वेळ टाक, आणि गप्प राहा.

त्यानंतर पाच चाळीसची स्लाइड, जी तू गाळलीस. पोट मऊ, दाबल्यावर विशेष दुखत नाही, कुठे चावल्याची खूण नाही, आणि तू ॲसिडिटी समजून पॅन्टोप्राझोल दिलंस. हो, तूच, सही आहे. ती स्लाइड काढून टाकलीस तर उरतं काय, साप आणि तू हुशार!

खरी केस तिथेच आहे. क्रेट रात्री चावतो, जमिनीवर झोपलेल्याला, दुखत जवळपास नाही, सूज नाही, खूण बऱ्याचदा सापडतच नाही. म्हणून "साप चावला" असं कोणी सांगत नाही, पोट दुखतं असं सांगतात. आठला नातेवाईक म्हणाला, "ये आँख नी खोल रिया," तेव्हा तू एक मिनिट वर बघायला लावलंस, पापण्या हळूहळू खाली आल्या, एका श्वासात आकडे मोजायला लावले तर बारावर थांबला. हे छान केलंस, पण ते तू अर्ध्या ओळीत उरकलंस आणि सापाच्या वर्गीकरणाला तीन स्लाइड्स दिल्यास!

मग डिफरन्शियल. पाच आजारांची नावं नकोत, ज्यांनी त्या वेळी तुझं डोकं खाल्लं तीच दे. जीबीएसचा लकवा बहुतेक पायाकडून वर चढतो आणि दिवस घेतो, हे डोळ्यांपासून खाली आलं तेही तासांत. फवारणीचं औषध असतं तर बाहुल्या बारीक आणि तोंडाला फेस असता. वीस मिनिटांच्या टेस्टमध्ये रक्त गोठलं, म्हणजे घोणसाची शंका मागे पडली, क्रेटची नाही. हे वाक्य तू उलटं बोललास काल, "टेस्ट नॉर्मल, तरीही साप". तरीही कशाला? क्रेटमध्ये ती नॉर्मलच येते.

उपचारात सापाच्या विषावरचं एएसव्ही, दहा वायल्स, ठीक. निओस्टिग्मिनने फरक पडला नाही हे तू "फेल्युअर" म्हणून लिहिलंस. क्रेटचं विष नर्व्हच्या टोकालाच इजा करतं, तिथून रसायन सुटतच नाही, मग ते टिकवणारं औषध वाचवणार काय? एएसव्हीसुद्धा झालेली इजा उलटवत नाही, टोकं पुन्हा जुळून यायला दिवस लागतात, तोवर श्वास मशीनने चालवायचा. तुझा माणूस सव्वानऊला इंट्युबेट झाला म्हणून वाचला. आणि त्या काळात बाहुल्या मोठ्या, उजेडाला न हलणाऱ्या दिसल्या तर ब्रेन डेड म्हणायची घाई नको, तो आतून ऐकत असू शकतो. हा लर्निंग पॉइंट. "सर्पदंश ही इमर्जन्सी आहे" हा कसला लर्निंग पॉइंट, हे वॉर्डबॉयला पण माहितीये.

मी इतकं का बोलतोय ते सांगतो. रेसिडेंट असताना मी अशीच केस दाखवली होती, मधले तीन तास खाऊन टाकले, टाळ्या पडल्या. तिसरी नाइट होती, व्हेंटिलेटर एकच, माझी चूक होती असं मी अजूनही पूर्ण मानत नाही. पण पुढच्या पावसाळ्यात माझ्याच ज्युनिअरने पहाटेच्या पोटदुखीला अँटासिड देऊन घरी पाठवलं. त्याने माझी केस ऐकली होती, पण त्यात अँटासिड कुठे होतं?

तर पॅन्टोप्राझोल ठेव, पाच चाळीसला, तुझ्या सहीसकट. टायटल बदल, "पहाटेची पोटदुखी" चालेल. डोळ्यांचा फोटो लावायचा तर त्याची परवानगी घेतली का बघ, नाहीतर काढ. रविवारी सकाळी घरी ये, पोहे आहेत, आणि साप त्या पहिल्या स्लाइडवरून आत्ता उडव, येशील तेव्हा नाही.