डेव्हियन्स ४७ ने उतरला, पण R तुलना करू देत नाही

प्रश्न: नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी यवतमाळ जिल्ह्यातली कपाशीची २०० वावरं पाहिली. गुलाबी बोंडअळीचं नुकसान १० टक्के किंवा त्यावर असेल तर १, नाहीतर ०. पहिल्या लॉजिस्टिक मॉडेलमध्ये फक्त फरदड (आधीच्या हंगामात घेतली की नाही), दुसऱ्यात फरदड आणि कामगंध सापळे (लावले की नाही). डेव्हियन्स २६७.४ वरून २२०.१ वर आला, म्हणजे ४७.३ ची घट. एका चलासाठी हे प्रचंड आहे ना? पण सापळ्याची पी-व्हॅल्यू summary मध्ये ०.२० दिसते आणि anova() चालवलं की `models were not all fitted to the same size of dataset` असं येतं. मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे. कुठलं खरं मानू?

उत्तर:

ताई, ०.२० खरं. ४७.३ मधला जवळजवळ सगळा आकडा सापळ्याचा नाही, तुमच्या सर्व्हेतल्या रिकाम्या रकान्यांचा आहे.

तुमच्या तक्त्यात फरदड घेतलेली १०० आणि न घेतलेली १०० वावरं आहेत. सापळ्याचा रकाना मात्र १६४ वावरांचाच भरलेला आहे. उरलेल्या ३६ ठिकाणी NA. R चं `glm()` अशी ओळ दिसली की ती वगळून पुढे जातं. `summary(m2)` च्या खालच्या भागात `(36 observations deleted due to missingness)` असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, बघा. त्याच्या जवळच स्वातंत्र्यमात्राही आहेत: पहिल्या मॉडेलला १९८, दुसऱ्याला १६१. एक चल वाढवलं तर हा आकडा एकने कमी व्हायला हवा, तुमचा ३७ ने झाला. एक सापळ्याचा, ३६ गाळलेल्या वावरांचे. डेव्हियन्सची वजाबाकी करण्याआधी मी आता ही वजाबाकी करतो. वाढवलेल्या गुणकांची संख्या आणि स्वातंत्र्यमात्रांतला फरक जुळला नाही, तर पुढे जायचंच नाही.

ओळी गेल्या की डेव्हियन्स एवढा का पडतो, ते एकदा हाताने केलं की विसरायला होत नाही. ०/१ उत्तर असेल तेव्हा डेव्हियन्स म्हणजे प्रत्येक वावराच्या वाट्याची बेरीज. वावरात जे घडलं त्याला मॉडेलने जी संभाव्यता दिली होती, तिचा लॉग घ्यायचा आणि −२ ने गुणायचं. तुमच्या पहिल्या मॉडेलमध्ये फरदडीच्या वावराला नुकसानीची संभाव्यता ०.६० मिळते (१०० पैकी ६०). तिथे नुकसान झालं असेल तर त्या वावराचा वाटा −2·ln(0.60), म्हणजे १.०२. नुकसान झालं नसेल तर −2·ln(0.40), म्हणजे १.८३. फरदड नसलेल्या वावरांत १०० पैकी ३८ ला नुकसान आहे, तिथे हेच वाटे १.९४ आणि ०.९६ येतात. एकही वाटा ऋण नाही. म्हणजे कुठलंही वावर यादीतून काढलं की डेव्हियन्स उतरणारच, मॉडेल सुधारलेलं असो वा नसो.

आता गाळलेली ३६ मोजा. त्यात फरदडीची २०, पैकी १६ ला नुकसान. बिगर-फरदडीची १६, पैकी ६ ला नुकसान. वाट्यांची बेरीज करा: १६ × १.०२, ४ × १.८३, ६ × १.९४ आणि १० × ०.९६. जवळपास ४५ होतात. तुमच्या ४७.३ मधले ४५ इथेच सापडले. पऱ्हाटी वेचून झाल्यावर अर्ध्याच गाठोड्यांचं वजन करायचं आणि कापूस हलका निघाला म्हणायचं, तसा हा प्रकार.

खरी तुलना करायची तर दोन्ही मॉडेल त्याच १६४ वावरांवर बसवा:

```r
v  <- c("nuksan", "fardad", "sapla")
d2 <- d[complete.cases(d[, v]), ]
m1 <- glm(nuksan ~ fardad, family = binomial, data = d2)
m2 <- glm(nuksan ~ fardad + sapla, family = binomial, data = d2)
nobs(m1); nobs(m2)
anova(m1, m2, test = "Chisq")
```

तुमच्या तक्त्यावरून हे मी कागदावरही करून पाहिलं. १६४ मध्ये बिगर-फरदडीची ८४ वावरं आहेत: सापळे असलेल्या ४२ पैकी १४ ला नुकसान, नसलेल्या ४२ पैकी १८ ला. फरदडीची ८०: सापळे असलेल्या ४० पैकी २० ला, नसलेल्या ४० पैकी २४ ला. नुसत्या फरदडीच्या मॉडेलचा डेव्हियन्स २२१.७४ येतो, सापळा घातल्यावर २२०.१२. फरक १.६२, स्वातंत्र्यमात्रा १. काय-वर्गाच्या तक्त्यात एका मात्रेसाठी पाच टक्क्यांची सीमा ३.८४ आहे, तिच्या निम्म्यालाही आपण पोहोचत नाही. पी-व्हॅल्यू साधारण ०.२०. summary मधली वाल्ड चाचणीही हेच सांगत होती, कारण ती मुळातच १६४ वावरांवर चालली होती. म्हणून तुम्हाला दोन उत्तरं दिसली.

पण या १.६२ चा अर्थ ‘सापळ्यांचा उपयोग नाही’ असा प्रबंधात लिहू नका. सापळा नसलेल्या वावरात नुकसानीचा ऑड्स दीडपट आहे, फरदडीत आणि बिगर-फरदडीत सारखाच. त्याचा ९५ टक्के विश्वासांतराल मात्र ०.८० ते २.८१ इतका रुंद आहे. एवढ्या वावरांत थोडा फायदा, बराच फायदा किंवा काहीच नाही, हे वेगळं करता येत नाही, इतकंच.

फरदडीची तुलना तुम्ही विचारलेली नाही, पण ती नीट जमलेली आहे. त्या रकान्यात NA नाही, त्यामुळे दोन्ही मॉडेलांना पूर्ण २०० वावरं मिळतात. काहीच चल नसलेल्या मॉडेलचा डेव्हियन्स २७७.१८, फरदड घातल्यावर २६७.४२. फरक ९.७६, एका मात्रेवर, पी-व्हॅल्यू ०.००२ च्या आसपास. हंगाम लांबवला की अळीला खायला मिळत राहतं आणि ती पुढच्या पेरणीपर्यंत तग धरते, हे आपल्याकडे वेचणीला येणाऱ्या बायाही सांगतील. तरी आकड्यातून निघालं ते बरं.

हीच चूक मीही केली आहे. एका संस्थेच्या सोयाबीनच्या सर्व्हेत ‘बीजप्रक्रिया केली का’ हा रकाना घातल्याबरोबर डेव्हियन्स साठाने पडला आणि मी आनंदाने तक्ता पाठवून दिला. तिथल्या एका ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, “ओळी किती आहेत हो दोन्हीकडे?” मी हाताने वजाबाकी केली होती, anova() वापरलंच नव्हतं, त्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं. पायथनच्या statsmodels मध्ये सूत्र लिहून मॉडेल बसवलं तरी NA च्या ओळी अशाच गळतात, आणि दोन `llf` तुम्ही स्वतः वजा केलेत तर तिथेही कोणी टोकत नाही. तुम्हाला आलेली ती एरर म्हणजे नशीबच समजा. पण तिच्यावर पूर्ण विसंबूही नका. ती फक्त ओळींची संख्या जुळते का ते बघते. दोन वेगळ्या फायलींतून प्रत्येकी १६४ ओळी आल्या आणि वावरं वेगळी असली, तर ती गप्प बसेल.

आणखी एका गोष्टीला परीक्षेत हमखास अडकवतात. डेव्हियन्स २२०, मात्रा १६१, म्हणजे मॉडेल नीट बसलेलं नाही, असं कोणी म्हणेल. एकेका वावराच्या ०/१ नोंदींवर हा निष्कर्ष निघत नाही, तिथे डेव्हियन्सचा आकडा एकट्याने काय-वर्गाला जुळत नाही. हवं तर तीच १६४ वावरं चार गटांत बांधून `cbind(ho, nahi)` असं मॉडेल बसवा. आता पहिल्याचा डेव्हियन्स १.६२ येईल आणि दुसऱ्याचा जवळपास शून्य, कारण सापळ्याचा ऑड्स दोन्हीकडे बरोबर दीडपट आहे. २२१.७४ आणि २२०.१२ कुठल्या कुठे गेले, पण वजाबाकी १.६२ च राहिली. एकमेकांत सामावलेल्या मॉडेलांची तुलना करताना कामाची असते ती ही वजाबाकी.

मला जास्त खटकतात ती गाळलेली ३६ वावरंच. १६४ मध्ये फरदडीच्या ८० पैकी ४४ वावरांना नुकसान आहे, म्हणजे ५५ टक्के. गाळलेल्या २० मध्ये १६ ना, म्हणजे ८० टक्के. याचा परिणाम फरदडीच्या गुणकावरही होतो: २०० वावरांवर तिचा ऑड्स रेशो २.४५ आहे, १६४ वर १.९९. फरदडीबद्दल काही बदललं नाही, फक्त जास्त मार खाल्लेली वावरं यादीतून गेली. तेव्हा वरची चाचणी गणिताने बरोबर असली, तरी ती ‘सापळ्याची नोंद मिळालेली १६४ वावरं’ एवढ्यांबद्दलच बोलते.

नोंद का राहिली, ते सर्व्हे करणाऱ्या पोरांना विचारा. पीक गेलेला शेतकरी भेटलाच नाही, की सापळे लावले पण ल्युर वेळेवर बदलली नाही म्हणून काय लिहावं ते कळेना, की एका पोराने ते पानच भरलं नाही? तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. गावात परत जाता येत असेल तर ३६ घरं म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम, ते आधी करा. नाहीच जमलं तर मल्टिपल इम्प्युटेशन आहे, पण मग डेव्हियन्सची साधी वजाबाकी चालत नाही, `mice` मधलं `D3()` वापरावं लागतं. ‘माहीत नाही’ असा तिसरा पर्याय करून २०० ओळी वाचवण्याचा मोह होईल. मॉडेल सामावलेलेच राहतील, मात्रा २ होतील, एररही येणार नाही. पण त्या तिसऱ्या गटाचा गुणक सापळ्याबद्दल नसेल, नोंद कुणाची राहिली याबद्दल असेल.

आणि गावाचं नाव डेटात आहे का ते कळवा. एका गावात सगळ्यांना सापळे वाटले आणि शेजारच्या गावात कोणालाच नाही, असं असेल तर ही वावरं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत आणि ०.२० सुद्धा असायला हवी त्यापेक्षा लहान असू शकेल.