पेंडीचं पोट बघून भाजी घ्या

प्रश्न: बाजारात पालेभाजी हिरवीगार दिसते आणि घरी सोडली की आतून पिवळी निघते. पाणी मारलेली शिळी भाजी ओळखायची कशी? वांगी, गवार घेतानाही फसायला होतं.

वरची पानं बघू नका, पेंडीचं पोट आणि बुडखा बघा. मी सांगलीत राहते, आमच्याकडे जुडीला पेंडी म्हणतात. मीही बरीच वर्षं वरचा हिरवा रंग बघूनच पेंड्या पिशवीत टाकत होते.

एकदा पावसाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमाराला मेथीच्या दोन पेंड्या घेतल्या. वर पाण्याचे थेंब, पानं ताठ. घरी सुतळी सोडली तर मधली पानं पिवळी, काही चिकट झालेली, आणि हात घातला तर आत चक्क ऊब. निवडून दोन पेंड्यांची एक पेंडीसुद्धा झाली नाही.

ती ऊब हीच खरी खूण. भाजी उपटली तरी तिचा श्वास चालू असतो आणि त्यातून उष्णता निघते. पेंडी घट्ट आवळून पोत्यात दाबून ठेवली की मधली उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही, म्हणून भाजी पोटातून आधी पिवळी पडते आणि मग कुजते. वरून पाणी मारलं की मान टाकलेलं पान पुन्हा ताठ होतं, पण पिवळं पान हिरवं होत नाही.

म्हणून आता मी पेंडी हातात घेते, सुतळीच्या वर दोन बोटं घालून पानं बाजूला करते. आत गार आणि वरच्यासारखाच हिरवा रंग असेल तर पुढचं बघायचं. गरम लागली किंवा आंबूस वास आला की खाली ठेवायची. मग बुडखा. मेथी-कोथिंबीर मुळांसकट येते. मूळ पांढरट, ओलसर आणि त्याला ओली माती असेल तर काढून फार वेळ झालेला नसतो. मूळ तपकिरी, दोऱ्यासारखं सुकलेलं असेल तर वरच्या थेंबांना भुलू नका. पालक कापून आणलेला असेल तर कापलेली जागा बघा, ती ओली आणि फिकट हवी, काळपट नको.

शेवटी एक काडी वाकवून बघायची. कोवळी कटकन मोडते, जून झालेली वाकते आणि मोडताना साल धागे सोडते. मेथीत शेंड्याला फूल दिसलं तर ती जून झाली, तिच्या काड्या भाजीत दाताखाली येतात.

एक मात्र सांगते, मलूल दिसली म्हणून प्रत्येक पेंडी टाकाऊ नसते. उन्हात शेतातून आणलेली मेथी दुपारी मान टाकते, पण ती आतपर्यंत हिरवी असते. तिचा बुडखा अर्धा तास पाण्यात उभा ठेवला की उभारी धरते. अशी मी बिनधास्त घेते, कधीकधी दोन पैसे कमीही पडतात. उलट ताठ पण आतून पिवळी असलेली फुकट दिली तरी नको. पानांच्या कडा काळ्या पडून कुरकुरीत झाल्या असतील तर मात्र पाण्यानेही काही होत नाही.

अजून एक गंमत, हिरव्या ताडपत्रीखाली सगळ्याच भाज्या हिरव्या दिसतात आणि पिवळ्या बल्बखाली पिवळेपणा लपतो. पेंडी जरा उजेडात धरून बघा. आमच्या नेहमीच्या मावशी कधी अडवत नाहीत, "सोडून बघा की ताई" म्हणतात. जी विक्रेती हात लावू देत नाही तिथे मी थांबत नाही.

गवारीचं सोपं आहे, शेंग मधोमध मोडायची. कट्‌ आवाज आला तर कोवळी, नुसती वाकली तर शिळी, आणि बी बाहेरून फुगलेलं दिसलं तर निबर.

वांग्यांना मात्र वेळ द्या. कृष्णाकाठची वांगी भरायला घेताना मी आधी देठ बघते. तो हिरवा आणि काटे बोचणारे हवेत. तपकिरी, मऊ देठ म्हणजे दोन-तीन दिवसांचं वांगं. साल चकचकीत हवी. अंगठ्याने हलकं दाबा, खळगा लगेच भरून आला तर घ्या, तसाच राहिला तर आत बिया काळ्या झालेल्या असण्याचीच शक्यता जास्त. भोक दिसलं की वांगं नकोच. पण भोक नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. अळी बारीक असताना आत शिरते तो छेद बुजून जातो आणि मोठं भोक पडतं ते ती बाहेर निघताना. त्यामुळे भरताना प्रत्येक वांगं चिरून आत बघते आणि किलोमागे एखादं टाकावं लागणारच, असं धरूनच चालते.