चहाला दूध कोणतं आणि ते कधी घालायचं

"बाबा, मी रूमवर केलेला चहा दरवेळी पांचट होतो. दूध कुठलं आणू? आणि चहा, साखर, दूध, यांतलं आधी काय उकळायचं?"

प्रिय बाळा,

आधी पाणी, साखर आणि आलं. मग चहा पावडर. दूध सगळ्यांत शेवटी. आपल्या घरी हाच क्रम चालत आला आहे आणि त्यामागे कारण आहे.

चहाचा रंग आणि कडकपणा खळखळत्या पाण्यात भराभर उतरतो. आपण वापरतो त्या बारीक दाणेदार पावडरीचा अर्क दोन-तीन मिनिटांत निघतो. दूध आधीच घातलं की दोन गोष्टी बिघडतात. एक तर दुधातली प्रथिनं चहातला तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून चहा मऊ लागतो. दुसरं म्हणजे दूध लगेच वर येतं, तू घाबरून गॅस बारीक करतेस आणि पावडरीला नीट उकळी मिळतच नाही. तुझा चहा बहुधा इथेच पांचट होतो.

आता दूध. बाटलीवर टक्के लिहिलेले असतात, ते दुधातल्या स्निग्धांशाचे. ३.२५ टक्क्यांचं दूध आण. आजीच्या चहाला जो दाटपणा असतो तो म्हशीच्या दुधाचा; त्यात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, म्हणून ती दूध कमी घालते तरी चहा दाट होतो. तिचं प्रमाण जसंच्या तसं घेऊन तू २ टक्क्यांच्या दुधात चहा केलास तर तो पातळच होणार.

दोन कपांचं सांगतो. २०० मिली पाणी, दोन सपाट चमचे साखर आणि ठेचलेलं आलं एकत्र उकळायला ठेव. आलं दुधाच्या आधी चांगलं उकळायलाच हवं, कारण कच्च्या आल्यात दूध फाडणारा एक घटक असतो आणि तो उकळल्यावर निष्प्रभ होतो. आधण खळखळायला लागलं की दोन सपाट चमचे पावडर घाल आणि मध्यम आचेवर दोन मिनिटं उकळू दे. मिनिटांपेक्षा रंग बघ. चमच्यात घेतलेलं पाणी गडद तांबूस-तपकिरी दिसलं पाहिजे. ते फिकट असताना दूध ओतलंस तर पुढे कितीही उकळलंस तरी मनासारखा कडकपणा येत नाही.

मग १५० मिली दूध घाल, पण फ्रिजमधलं थंडगार नको. गार दुधाने उकळी बसते आणि ती परत येईपर्यंत पावडर नुसती भिजत राहते. दूध बाजूला कोमट करून घे. एकदा वर आलं की आच कमी कर, पुन्हा वर येऊ दे. अशा दोन-तीन उकळ्यांत थोडं पाणी आटतं आणि दाटपणा येतो. रंग विटकरी झाला की लगेच गाळ. याहून जास्त उकळत ठेवलास तर चहा तुरट होतो आणि दुधालाही आटवल्याचा वास लागतो.

घरात २ टक्क्यांचंच दूध असेल तर हिशोब बदल. ३.२५ टक्क्यांच्या १५० मिलीत जवळजवळ पाच ग्रॅम स्निग्धांश येतो. २ टक्क्यांच्या दुधात तेवढा हवा तर २४० मिली लागेल. म्हणजे पाणी ११० मिलीच ठेवायचं. दूध वाढलं की प्रथिनंही वाढतात आणि कडकपणा दबतो, म्हणून पावडर अर्धा चमचा जास्त घाल आणि दूध घालण्याआधी आणखी मिनिटभर उकळ. स्निग्धांश काढून टाकलेल्या दुधाच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. ते कितीही आटवलंस तरी सायीची चव येणार नाही.

साखरेचा क्रम तसा महत्त्वाचा नाही. सुरुवातीला घातली की ती पाण्यात पूर्ण विरघळते, एवढंच. तुझ्या मैत्रिणीला बिनसाखरेचा हवा असेल तर तू तुझ्या कपात वरून घाल, कडकपणात फरक पडत नाही. गूळ असेल तर मात्र गॅस बंद करून, चहा किंचित निवल्यावर घाल, कारण उकळत्या दुधात तो घातला की दूध फाटू शकतं.

आणि चहा पांचट झालाच तर दुधाळ चहात वरून पावडर टाकून परत उकळू नकोस. अर्धी वाटी पाण्यात एक चमचा पावडर वेगळी कडक उकळून, गाळून त्यात मिसळ. तुरट झाला असेल तर थोडं गरम दूध घाल.

तुझा,
बाबा