भाषावर्गाचे प्रेरणापत्र: इंग्रजी मसुद्यावरून जर्मन पत्र कसे करावे?

प्रश्न: जर्मनीतल्या सघन भाषावर्गासाठी प्रेरणापत्र इंग्रजीत लिहिलं आहे. माझी पातळी ए-२ आहे. भाषांतर करून घेऊन पाठवलं तर चालेल का?

उत्तर: इंग्रजी मसुदा वाया जाणार नाही, पण त्यातली वाक्ये नव्हे, मुद्दे जर्मनमध्ये न्यावेत. मी विद्यार्थ्यांची अशी पत्रे तपासतो. अर्जावर ए-२ आणि पत्रात मात्र पल्लेदार, कर्मणी वाक्ये असली, की पत्र दुसऱ्याने लिहिले आहे हे वाचणाऱ्याला पहिल्याच परिच्छेदात कळते. हेच पत्र व्हिसाच्या अर्जाला जोडले, तर मुलाखतीत त्यावर जर्मनमध्ये प्रश्न येऊ शकतात, आणि न समजणाऱ्या वाक्यावर अर्जदार अडतो.

एक उदाहरण घेऊ. गेली दोन वर्षे जर्मन शिकत असल्याचे इंग्रजी वाक्य शब्दशः नेले, की ‘इश हाबे फ्यूर त्स्वाय यारे डॉइच गेलेर्न्ट’ असे काहीतरी होते आणि वाचणाऱ्याला वाटते, की दोन वर्षे शिकून तुम्ही ते सोडून दिले. योग्य वाक्य ‘इश लेर्ने झाइट त्स्वाय यारेन डॉइच’ असे, वर्तमानकाळातले आहे. आपण मराठीतही ‘दोन वर्षांपासून शिकत आहे’ असेच म्हणतो, म्हणून अशा ठिकाणी थेट मराठीतून विचार केलेला बरा. ‘वाइल’ने सुरू होणाऱ्या कारणवाक्यातही क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी जाते. इंग्रजीतला ‘एक्सायटेड’ मात्र काढूनच टाकावा. त्यासाठी शब्दकोशात सापडणारा ‘आउफगेरेग्ट’ बहुधा अस्वस्थ, धास्तावलेला माणूस दाखवतो. ‘इश फ्रॉये मिश आउफ देन कुर्स’ पुरेसे आहे.

आशयात सर्वाधिक जागा एका प्रश्नाला द्यावी: पुण्यात मॅक्सम्युलर भवन असताना जर्मनीलाच का जायचे? संस्कृतीविषयीच्या प्रेमाने याचे उत्तर मिळत नाही. समजा, तुम्ही यंत्र अभियंता आहात, तुमच्या कंपनीची जर्मन शाखा आहे आणि तिथल्या सहकाऱ्यांशी बोलताना तुम्ही अडखळता, तर नेमके तेच लिहावे. पुण्यातल्या तुमच्या वर्गाला आठवड्याला किती तासिका मिळतात आणि जर्मनीतल्या वर्गाला किती, हे शेजारी मांडावे. भाषावर्गाच्या व्हिसासाठी सघन वर्ग आठवड्याला किमान १८ तासिकांचा असावा लागतो, त्यामुळे हा फरक आकड्यांतच दिसतो. वर्ग संपल्यावर काय करणार, नोकरीवर परतणार की पुढे शिकणार, हेही स्पष्ट शब्दांत सांगावे.

‘झेअर गेएर्टे डामेन उंड हेरेन’ या संबोधनानंतर स्वल्पविराम येतो आणि पुढचे वाक्य, पहिला शब्द नाम किंवा आदरार्थी ‘झी’ नसेल तर, लहान अक्षराने सुरू होते. शेवटच्या ‘मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन’पुढे मात्र स्वल्पविराम देत नाहीत. पत्र एका पानात बसवावे आणि शिक्षकांना दाखवताना फक्त चुका सुधारून द्या, वाक्ये बदलू नका, अशी विनंती करावी.