स्टॉकिंग्ज घालूनही संध्याकाळी पाय सुजतात
प्रश्न: दिवसभर उभ्याचं काम, व्हेरिकोज व्हेन्स आहेत, पायावर दाब देणारे स्टॉकिंग्ज घालतो तरी पाय सुजतातच, असं का?

बहुतेक उशिरा घालत असाल. शिरांच्या झडपा कमजोर असतात त्यामुळे उभं राहिलं की रक्त खाली साचायला लागतं, म्हणून सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच चढवायचे, घोट्याचं आणि पोटरीचं मापही तेव्हाच घ्यायचं, संध्याकाळी सुजलेल्या पायाचं घेतलं तर ढिले येतात. टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत घाला, टाच नीट बसली की वर सरकवा. लांब वाटला म्हणून वरची कड दुमडू नका (सगळे हेच करतात!), तिथे दुप्पट दाब पडून रक्त उलट अडतं. फुगलेल्या शिरा याने जात नाहीत, सूज आणि जडपणा कमी होतो एवढंच. चालताना पोटरीत गोळे येत असतील, पाय गार पडत असतील किंवा डायबेटिस असेल तर आधी डॉक्टरकडून धमन्या तपासून घ्या.