निवेदन कोणाच्या तोंडी आहे, ते आधी बघा

प्रश्न : ग्रामीण कादंबरीत गावातली उतरंड कशी ओळखायची? पाटील वर, गडी खाली एवढं तर कोणालाही दिसतं. पण लेखक नक्की कोणाला बोलू देतो, हे वाचताना कसं कळतं?

उत्तर :

अवतरणचिन्हांकडे लक्ष द्या. मला ही सवय ‘बनगरवाडी’ने लावली. पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला धनगरांची कादंबरी वाटली होती. पुढच्या वाचनात लक्षात आलं की ती मास्तरची आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर पोरसवदा मास्तर रुजू होतो आणि तोच ‘मी’ होऊन सगळं सांगतो. वाडीतली माणसं माणदेशी बोलतात, पण ती बोली संवादापुरती. अवतरणचिन्ह मिटलं की मास्तरची शाळेतली मराठी सुरू होते. म्हणजे धनगर बोलतात, पण त्यांच्याबद्दल सांगणारा दुसराच आहे. कोणता प्रसंग कुठे थांबवायचा आणि काय सोडून द्यायचं हे तोच ठरवतो. वयाच्या हिशेबाने म्हाताऱ्या कारभाऱ्यापुढे या पोराचं काही चालू नये. पण लिहिता-वाचता येणारा तो, त्यामुळे लोक आपली कामं नि अडचणी घेऊन त्याच्याकडे येतात. जी लेखणी त्याला वाडीत वजन देते, तिनेच पुस्तकात निवेदन त्याच्या हाती दिलं आहे.

कारभाऱ्याच्या मुलीच्या, अंजीच्या चोळीचा प्रसंग या नजरेने पुन्हा वाचा. तिच्या चोळीचं काम मास्तर करतो, त्याच्या मनात काही नसतं, पण कारभारी बिनसतो. मास्तरची घालमेल आपल्याला आतून कळते, कारभाऱ्याचा राग समोर दिसतो. अंजीचं मन मात्र मास्तरला जेवढं दिसलं तेवढंच. हा मी दोष मानत नाही. परगावचा तरुण मास्तर बाईच्या मनात शिरला असता तर उलट खोटं वाटलं असतं. पण वाडीतल्या बायका कमी का ऐकू येतात, याचं उत्तर तिथे आहे.

आता याच्या शेजारी आनंद यादवांची ‘गोतावळा’ ठेवा, १९७१ची. इथे सांगणारा नारबा हा शेतावरचा गडी, आणि बोली संवादातून बाहेर पडून अख्खं निवेदनच व्यापते. बैल, गाई, कुत्री हाच त्याचा गोतावळा. ‘खाली’ असलेल्या माणसाला पुस्तकभर बोलायला मिळालं, म्हणजे उतरंड मोडली का? नाही. मालक ट्रॅक्टर आणायचं ठरवतो आणि नारबाची जनावरं जातात. त्या निर्णयात त्याला कोणी विचारत नाही. सगळं पुस्तक त्याच्या तोंडी आहे, शब्दाला वजन मात्र मालकाच्या. मला या कादंबरीतली उतरंड मालकाच्या श्रीमंतीपेक्षा या फटीत जास्त बोचते. मालक थोडं बोलतो आणि ते घडतं; नारबा सतत बोलतो आणि ऐकणारे फक्त आपण.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : कथा कोण सांगतो, आणि कोणाच्या बोलण्याने कथेत काही घडतं. रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’त शिंप्याची बायको तिच्या मराठवाडी बोलीत सांगते. नवरा हेक्याला पेटलेला, तिला पुढचं दिसतंय, पण तिच्या सांगण्याने तो थांबत नाही. घरातली उतरंड तिथे लेखकाला वेगळी समजावून सांगावीच लागत नाही.

एखाद्या कादंबरीबद्दल शंका आली तर तिच्यातला पारावरचा किंवा चावडीवरचा एक प्रसंग घ्या. बसलेलं कोण, उभं कोण, कोणाला नावाने हाक आणि कोणाला नुसत्या जातीने, ते टिपा. ‘अरे’ आणि ‘जी’ कोणत्या दिशेने जातात ते बघा. मग शोधा की गावाबाहेर राहणारं कोणी न विचारता एक तरी वाक्य बोलतं का. पुष्कळ कादंबऱ्यांत अशा माणसाचं बोलणं नुसतं ‘तो गयावया करू लागला’ एवढ्यावर उरकलेलं सापडेल. तो काय म्हणाला, ते लेखकाला लिहावंसंच वाटलेलं नसतं.

बोलीतल्या निवेदनावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नुसती क्रियापदं बदलून गावरान केलेली भाषा पुष्कळ मिळते. मी उपमा तपासतो. नांगर धरणाऱ्याला दुःखाची उपमा जनावरातून, मातीतून, अवजारातून सुचते आहे, की एकदम ‘आयुष्याच्या पोकळी’सारखं काही येतं? तसं आलं की समजावं, गड्याला गप्प करून लेखक स्वतः बोलू लागला. ‘गोतावळा’त मला असं फार कमी जागी जाणवलं.